साठ अंशांच्या अलीकडे आणि पलीकडे: पीएलएबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘कंपोस्टेबल’ लिहिलेला पीएलएचा पारदर्शक पेला बागेतल्या खतखड्ड्यात दहा महिने पुरून ठेवला होता. काढून धुतला तर जवळजवळ नवाच! त्यावर लिहिलेलं खोटं आहे का?

खोटं नाही, पण अर्धंच आहे. तो शिक्का औद्योगिक कंपोस्टसाठी असतो. तिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे गरम ठेवतात. युरोपच्या ईएन १३४३२ मानकाची अट अशी, की बारा आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये आणि सहा महिन्यांत नव्वद टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. तुमच्या खड्ड्याने ही परीक्षा कधी घेतलीच नव्हती.

एवढा फरक का पडतो, हे एका हिशेबातून स्पष्ट होईल. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड नावाचं प्लास्टिक, लॅक्टिक आम्लाच्या मण्यांची लांब माळ. दोन मण्यांमध्ये एस्टरची गाठ असते आणि पाण्याचा रेणू ती गाठ सोडवतो. यालाच जलविघटन म्हणतात. समजा पेल्यातल्या माळेचा सरासरी रेणुभार १,००,००० आहे. एक मणी ७२ चा, म्हणजे माळेत सुमारे १,३९० मणी झाले. एवढी लांब माळ जिवाणूंना खाता येत नाही. रेणुभार साधारण दहा हजारांपर्यंत उतरला, की मग त्यांचं काम सुरू होतं. माळेचे दहा तुकडे करायला नऊ ठिकाणी कापावं लागतं. १,३९० गाठींपैकी फक्त नऊ!

पाणी तरी किती लागतं? प्रत्येक कापाला एक रेणू, म्हणजे एक किलो पीएलएला जेमतेम दीड ग्रॅम. पीएलए स्वतःच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का पाणी सहज शोषून घेतं, म्हणजे किलोमागे पाच ते दहा ग्रॅम. खड्डा ओला ठेवायला तुम्ही कमी पडला नाहीत. गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी पेल्याच्या आत आधीच होतं.

अडलं ते उष्णतेपाशी. या विघटनाची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ते घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलमागे सुमारे ८० किलोजूल धरली, तर तापमानाबरोबर वेग कसा बदलतो ते सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या समीकरणाने ५८ अंशांवरचा वेग २५ अंशांवरच्या वेगाच्या सुमारे पंचवीस पट येतो. समजा गरम ढिगात ते नऊ काप व्हायला एक महिना लागला. तोच टप्पा २५ अंशांच्या मातीत दोन वर्षं घेईल आणि १५ अंशांच्या मातीत सहा वर्षांहून जास्त. प्रत्यक्षातला वेळ याहूनही जास्त असतो, कारण साध्या समीकरणात न येणारी एक गोष्ट इथे घडते. पीएलएचं काचसंक्रमण तापमान ५५ ते ६० अंश आहे. त्याखाली माळा काचेसारख्या जागच्या जागी गोठलेल्या असतात. शोषलेल्या पाण्याने ही मर्यादा काही अंश खाली येते, म्हणून ५८ अंशांच्या ओल्या ढिगात माळा हालू लागतात आणि पाण्याला गाठींपर्यंत पोचणं सोपं जातं. तुमच्या खड्ड्यात त्या थिजलेल्याच राहिल्या. शिवाय हे सगळे आकडे नुसत्या कापण्याचे आहेत. जिवाणूंचं खाणं त्यानंतर सुरू होतं.

पेला पुन्हा हातात घेऊन बघा. अजून काचेसारखा नितळ असेल आणि दाबल्यावर पूर्वीसारखाच लवत असेल, तर फारसं काही घडलेलं नाही. दुधी पडला असेल आणि जरा वाकवताच तडकत असेल, तर माळा तुटू लागल्या आहेत. आधी मोकळ्या, विस्कळीत भागातल्या गाठी सुटतात आणि सुटे झालेले तुकडे स्फटिक बनून रांगेत बसतात, त्यामुळे दुधी रंग येतो. वजन मात्र करू नका, त्यातून काही कळणार नाही. आधी रेणुभार घसरतो, मग ताकद जाते आणि वजन सगळ्यात शेवटी कमी होतं.

प्रश्न: मग जिवाणूंचं कल्चर विकत आणून टाकलं, किंवा पेल्याचे बारीक तुकडे केले, तर घरच्या खतात काम होईल का?

कल्चरने फारसं काही साधणार नाही. पहिला टप्पा जिवाणूंचा नाहीच, तो पाणी आणि उष्णतेचा आहे. लांब माळेवर थेट हल्ला करणारी विकरं आहेत. प्रयोगशाळेत प्रोटिनेज के त्यासाठी नेहमी वापरतात. पण मातीत असे सूक्ष्मजीव विरळ असतात.

तुकडे केल्यावर वेग वाढेल असं वाटणं साहजिक आहे, कारण पालापाचोळ्याच्या बाबतीत तसंच होतं. पीएलएचं तसं नाही. ते पृष्ठभागावरून झिजत नाही. पाणी आरपार मुरतं आणि काप सगळीकडे एकदमच होतात. उलट जाड वस्तू कधी आतून लवकर तुटते. प्रत्येक कापातून आम्लाचं एक नवं टोक तयार होतं आणि ते पुढच्या कापाला हातभार लावतं. पातळ फिल्ममधून ही आम्लं बाहेर निसटतात, जाड तुकड्याच्या गाभ्यात अडकून पडतात. शरीरात बसवण्याच्या जाड पीएलए वस्तूंवर १९९० च्या आसपास जे प्रयोग झाले, त्यात बाहेरचं कवच टिकून आतला गाभा विरघळलेला दिसला होता. मला या पदार्थाच्या वागण्यातला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. ढीग उलथताना तुकडे आड येत नाहीत, हा तुकडे करण्याचा फायदा आहेच, पण थंड खड्ड्यात त्याने वर्षांचे महिने होणार नाहीत.

घनमीटरभर मोठा आणि नीट रचलेला ढीग सुरुवातीचे काही दिवस ५५-६० अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता तीन-चार आठवडे टिकवता आली, पुन्हा ताजा ओला माल घालून आणि उलथून, तर पातळ पेल्याला संधी आहे. ढिगाच्या मध्यभागी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून रोज आकडा लिहून ठेवा. आकडा पन्नासच्या खाली जाऊन तिथेच राहिला, की ती संधी संपली.

प्रश्न: पीएलएच्या पेल्यात उकळतं पाणी ओतलं तर तो आक्रसून वाकडा झाला. उन्हात उभ्या गाडीत लावलेला, पीएलएचा थ्रीडी प्रिंट केलेला हूकही खाली वाकला. इतकं कमकुवत प्लास्टिक वापरायचं कशाला?

थंड असताना ते कमकुवत नाही. कडकपणात पीएलए ३ ते ३.५ गिगापास्कल भरतं, पॉलिप्रॉपिलीन साधारण दीड. ओढून तोडायला पीएलएला ५० ते ६० मेगापास्कल लागतात, पॉलिप्रॉपिलीनला तीस-पस्तीस. आकडे एवढेच वाचले तर पीएलएच सरस ठरेल. पण ते तुटण्याआधी जेमतेम पाच टक्के ताणलं जातं आणि पॉलिप्रॉपिलीन शंभर टक्क्यांच्याही पुढे जातं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या डबीची बिजागरी हजारो वेळा उघडमीट सोसते आणि पीएलएची काही वेळातच तडकते. स्वभावाने पीएलए पॉलिस्टायरीनचा भाऊ आहे, कडक, स्वच्छ आणि ठिसूळ. पीएलए साच्यातून नुकतं निघालेलं असतं तेव्हा थोडं लवचीक असतं. काही दिवस नुसतं ठेवलं तरी माळा हळूहळू दाटून बसतात आणि ठिसूळपणा वाढतो.

तुम्ही गाठलीत ती मर्यादा मात्र उष्णतेची आहे, आणि ती तीच साठ अंशांची रेघ आहे जिच्यापलीकडे गेल्याशिवाय पेला कुजत नाही. जी हालचाल माळांना पाण्यापुढे उघडं करते, तीच वस्तूला मऊ करते. पॉलिस्टायरीनमध्ये ही रेघ १०० अंशांच्या आसपास येते. पॉलिप्रॉपिलीनची रेघ शून्याच्या जवळ आहे, तरी ते उकळत्या पाण्यात उभं राहतं, कारण त्याचे स्फटिक १६० अंशांपर्यंत सांगाड्यासारखे टिकतात. स्फटिक पीएलएलाही बनवता येतात आणि तेही १५० अंशांच्या वरच वितळतात. पण ते फार सावकाश बनतात. थंड साच्यात माल झटकन गोठतो, स्फटिकांना वेळच मिळत नाही आणि पारदर्शक पण उष्णतेला कच्चा पेला बाहेर येतो.

यावर उपाय आहे. टाल्कसारखं बीज मिसळून १०० अंशांच्या आसपास तापलेल्या साच्यात माल थोडा वेळ ठेवला, की स्फटिक भरतात. वस्तू दुधी, अपारदर्शक होते, पण गरम द्रव सोसते. गरम पेयांची झाकणं आणि चमचे असे करतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक वस्तू काढायला लागणारा वेळ वाढतो, आणि घट्ट स्फटिकांत पाणी सहज शिरत नसल्याने विघटनही मंदावतं. गाडीतल्या हुकासाठी मात्र माझं स्पष्ट मत आहे, दुसरं प्लास्टिक घ्या. उन्हातल्या डॅशबोर्डजवळ साठ अंश सहज ओलांडले जातात आणि सतत वजन लटकत असेल, तर पीएलए त्याआधीच हळूहळू वाकायला लागतं.

प्रश्न: पीएलएच्या फिलामेंटने थ्रीडी प्रिंट करताना नोझलमधून फटफट आवाज येतो, तारा सुटतात आणि वस्तू सहज मोडते. फिलामेंट जुनं झालं म्हणून असं होतं का?

जुनेपणापेक्षा ओलावा कारण असण्याची शक्यता जास्त. फटफट आवाज म्हणजे वाफ होणारं पाणी. पण मुख्य नुकसान आवाजात नाही, वरच्याच हिशेबात आहे. दोनशे अंशांवर जलविघटन फार वेगाने होतं. एक टक्क्याचा दहावा भाग ओलावा, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम, पूर्णपणे खर्ची पडला तर १,००,००० च्या माळेवर पाच-सहा काप होतात आणि रेणुभार पंधरा हजारांच्या जवळ येतो. नोझलमध्ये माल थोडाच वेळ असल्याने सगळं पाणी खर्ची पडत नाही, पण दिशा हीच. माळा आखूड झाल्या, की वितळलेला माल पातळ होतो आणि तारा सुटतात. म्हणूनच कारखान्यांत दाणे वितळवण्याआधी ओलावा २५० पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे पाव ग्रॅमच्या खाली आणतात.

रीळ ४५ ते ५० अंशांवर सहा-आठ तास सुकवा. साठ अंशांवर नको, वेढे एकमेकांना चिकटतील. मग तीच वस्तू पुन्हा प्रिंट करा. आवाज आणि तारा थांबल्या तर दोष ओलाव्याचा होता. ओल्या फिलामेंटची आधी प्रिंट झालेली वस्तू मात्र सुकवून सुधारत नाही, तुटलेल्या माळा पुन्हा जोडल्या जात नाहीत.

प्रश्न: पीएलएचे पेले पीईटीच्या बाटल्यांबरोबर पुनर्वापराला दिले तर?

देऊ नका. पीएलए १.२४ घनतेचं आणि पीईटी सुमारे १.३५, दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे तरंगवून वेगळं करता येत नाही. त्यांना वेगळं ओळखायला अवरक्त प्रकाशाची यंत्रं लागतात. पीईटीचे कण दीडशे अंशांच्या वर सुकवतात. तिथे पोचलेलं थोडंसं पीएलएही मऊ होऊन कणांचे गोळे करतं आणि पुढच्या बाटलीला धूसरपणा आणतं.