माठ विकताना काय लिहावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: दादरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. माठाच्या जाहिरातीत ‘फ्रिजसारखं गार पाणी’ लिहिलं होतं. मे महिन्यात दोन गिऱ्हाइकांनी माठ परत आणले. माठ तर चांगले होते!

माठ चांगलेच असतील, मुंबईची हवा दमट आहे. माठाच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. दमट हवेत हे वाळणं मंदावतं. दुपारी 33 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर वाळण्याने पाणी साधारण साडेसत्तावीस अंशांपर्यंतच उतरू शकतं, आणि घरात ते 28-29 वर थांबतं. म्हणजे फरक चार-पाच अंशांचा. नागपुरात 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा 25 च्या आसपास असते, म्हणून तिथला माठ चमत्कार वाटतो. ओलं फडकं गुंडाळलं तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

तेव्हा ‘फ्रिज’ हा शब्दच काढा. फ्रिजमधली बाटली असते सात-आठ अंशांवर. त्या तुलनेत माठ हरणारच. तुलना करायची तर पिंपातल्या किंवा बाटलीतल्या कोमट पाण्याशी करा. ‘रात्री भरा, सकाळी घोट घेतला तर घशाला गार लागेल, दात शिवशिवणार नाहीत’ हे खरं आहे आणि गिऱ्हाइकाला घरी तपासताही येतं.

प्रश्न: चवीबद्दल लिहायला बसलं की ‘मातीचा सुगंध’ आणि ‘आजीच्या घरची आठवण’ यापुढे गाडी जात नाही.

आठवण एका वाक्यात ठेवा. ज्याच्या घरी माठ कधी नव्हताच, त्याला तिचा उपयोग नाही. चव मात्र सगळ्यांनाच कळते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. पाणी रात्रभर ठेवलं की तो बराच उडून जातो. हे उघड्या पातेल्यातही होतं, त्यामुळे श्रेय एकट्या माठाला देऊ नका. माठ त्यावर मातीचा हलका वास चढवतो. शिवाय फार थंड पाण्याने जिभेला चव कमी कळते. माठाचं पाणी त्या मानाने सौम्य असल्यामुळे ती कळते.

नव्या माठाचा मातकटपणा मात्र लपवू नका. पहिल्या दिवशी माठ पाण्याने भरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी ते पाणी झाडांना घालायचं, असं दोन-तीनदा करायचं. हे जाहिरातीत नसेल तर पहिल्याच ग्लासाला ‘चिखलाची चव’ अशी तक्रार येते. साबण लावू नये हेही लिहा: तो छिद्रांत मुरतो आणि पुढे पाण्याला लागतो. काथ्या आणि पाणी पुरे.

प्रश्न: ‘अल्कधर्मी पाणी, विषारी द्रव्यं बाहेर’ असं सगळेच लिहितात. आम्ही लिहू का?

नको. सिद्ध करता येणार नाही ते लिहू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माठ पाणी शुद्धही करत नाही. गाळलेलं किंवा उकळून निवलेलं पाणीच त्यात भरावं, असं स्पष्ट लिहा.

प्रश्न: छोट्या फ्लॅटमधल्या माणसाला नेमकी कोणती माहिती द्यायची?

वजन, जागा आणि ओल. 10 लिटरच्या भरलेल्या माठात पाण्याचंच वजन 10 किलो. त्यात माठाचं मिळवून एकूण छापा, म्हणजे ओट्यावर ठेवायचा की तिवईवर हे घरचे ठरवतील. तोटी असेल तर तिच्याखाली ग्लास बसायला किती उंची लागते तेही द्या. नाहीतर घरी गेल्यावर माठ पाटावर पाट रचून उभा राहतो.

ओल हा दोष नाही, गारव्याची किंमत आहे. 10 लिटर पाणी चार अंशांनी उतरायला सुमारे 70 मिलिलिटर पाणी वाळावं लागतं, आणि बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. दमट दिवशी पाझरलेलं सगळं वाळत नाही, उरलेलं खाली साचतं. म्हणून खोलगट ताटली सोबत द्या. माठ कपाटात किंवा बंद कोपऱ्यात ठेवला, तर वाळलेली वाफ तिथेच कोंडते आणि पाणी कोमट राहतं. बाहेरून ऑइलपेंट किंवा चकचकीत लेप असलेला माठ तर पाझरतच नाही. तो शोभेचा म्हणून वेगळा विका. विहिरीचं किंवा टँकरचं क्षारयुक्त पाणी भरलं की बाहेर पांढरे थर येतात आणि छिद्रं बुजतात. काथ्याने घासूनही गारवा परत येत नसेल, तर माठ बदलायची वेळ झाली.

हे सगळं धरून मजकूर असा होईल:

*‘10 लिटरचा लाल मातीचा माठ, तोटीसह. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गार. खिडकीजवळ, वारा लागेल तिथे ठेवा. पहिले दोन-तीन दिवस पाणी भरून ओता, मग प्या. खाली ताटली हवीच. ती सोबत दिली आहे.’*