पडताळणीची पोस्ट आणि घटस्फोटाचा हुकूमनामा

प्रश्न: ठाण्यात आमचे छोटे वधू-वर सूचक केंद्र आहे. प्रत्येक स्थळाची आम्ही पडताळणी करतो, हे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्टमधून कसे दाखवावे? कुटुंबांची खासगी माहितीही बाहेर जाता कामा नये.

उमेदवाराचा कोणताही कागद पोस्टमध्ये लावू नये. नावावर काळी पट्टी ओढूनसुद्धा लावू नये. माझे हे मत कठोर वाटेल, पण त्यामागे घरातली एक घटना आहे, आणि मी स्वतः नौपाड्यात अनेक वर्षे हेच काम करत असल्याने त्या घटनेकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावे लागले.

माझी मावसबहीण ऐरोलीला राहते. पहिल्या लग्नातून रीतसर मोकळी झाल्यावर तिने एका केंद्रात नाव नोंदवले. आमच्या नात्यातल्या मुलीचे स्थळ आपणच हाताळू नये म्हणून मी ते माझ्याकडे घेतले नव्हते. त्या केंद्राने ‘आम्ही घटस्फोटाची कागदपत्रे तपासूनच नोंदणी करतो’ अशी पोस्ट टाकली आणि पुरावा म्हणून तिच्या हुकूमनाम्याच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला. दोन्ही पक्षकारांची नावे झाकलेली होती, परंतु न्यायालयाचे नाव, याचिका क्रमांक आणि वर्ष तसेच राहिले होते. ज्याला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, त्याला न्यायालय, क्रमांक आणि वर्ष एवढ्यावरून बहुतेक वेळा पक्षकारांची नावे मिळतात. आठवडा उलटण्याच्या आत साताऱ्याहून एका दूरच्या नातेवाइकाचा काकांना फोन आला की हा दावा तुमच्या मुलीचाच आहे ना. तिची बोलणी ज्या मुलाशी चालू होती त्याच्या आईवडिलांना सर्व माहीत होते. त्यांच्या भावकीला ते कधी आणि कसे सांगायचे, हे मात्र त्यांनी अजून ठरवले नव्हते. बोलणी तिथेच थांबली.

माझे त्या वेळचे भागीदार यावर म्हणाले की पोस्ट उत्तम होती, फक्त क्रमांक झाकायचा राहिला, कारण लोकांना कागद दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही. हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. झाकण्यावर विसंबणे हीच मूळची अडचण आहे. फोनमधल्या मार्कर पेनाची रेघ पुष्कळदा अर्धपारदर्शक असते आणि फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरे दिसू लागतात. आधार कार्डावरचा क्रमांक झाकला तरी क्यूआर कोड उघडा राहतो, आणि त्यात नाव, जन्मतारीख व पत्ता असतो. कागद पूर्ण झाकला तरी ‘घणसोली, आयटी कंपनी, आई निवृत्त मुख्याध्यापिका, एक भाऊ अमेरिकेत’ अशा चार ओळींवरून ज्ञातीतल्या माणसाला घर ओळखता येते. याखेरीज हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २२ नुसार या कायद्याखालील कामकाज बंद दालनात चालते आणि त्यासंबंधीचा मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर आहे. उच्च न्यायालय वा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय न्यायालयाच्या परवानगीने छापण्याचा तेवढा अपवाद आहे. समाजमाध्यमावर हुकूमनाम्याचा फोटो टाकणे यात येते, असे माझे ठाम मत आहे.

मग दाखवायचे काय? तुमचे कोरे तपासणी पत्रक दाखवावे. मी घटस्फोटित उमेदवारांच्या पत्रकाचा फोटो लावते, कारण या व्यवसायात सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. पत्रकात पहिला रकाना ‘काय पाहिले’ हा असतो. हुकूमनाम्याची झेरॉक्स चालत नाही, न्यायालयाची प्रमाणित नक्कल प्रत्यक्ष पाहावी लागते. ती वाचताना शेवटचा आदेश नीट वाचावा, कारण परस्पर संमतीची याचिका नुसती दाखल झाली तरी ‘घटस्फोट झाला’ म्हणून येणारे पालक असतात, जेव्हा की त्यानंतर साधारणपणे सहा महिने थांबून दुसरी पायरी पार पडायची असते. काही जण कलम १० खालचा न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा आणतात. त्याने वेगळे राहता येते, पण लग्न मोडत नाही. मुद्रांक कागदावर नोटरी करून घेतलेली फारकतही अनेकदा पुढे येते, आणि ती मी घटस्फोट म्हणून नोंदवत नाही. त्यानंतर ई-कोर्ट्सवर दावा निकाली निघाल्याचे पाहायचे आणि अपिलाची मुदत मोजायची. ही मुदत ९० दिवसांची आहे आणि कलम १५ प्रमाणे पुनर्विवाहाचा मार्ग ती संपल्यावर, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले गेल्यावर, मोकळा होतो. हुकूमनामा एकतर्फी असेल तर मी वकिलाचे मत घ्यायला सांगते, कारण असा हुकूमनामा पुढे रद्द करून घेण्याचा अर्ज होऊ शकतो.

पत्रकाचा दुसरा रकाना ‘काय पाहिले नाही’ असा ठेवावा आणि पोस्टमध्ये तोच ठळक दिसू द्यावा. माझ्या एका पोस्टचा मजकूर असा होता: ‘घटस्फोटित उमेदवाराची नोंदणी करताना आम्ही हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल कार्यालयात पाहून लगेच परत करतो. दाव्याची स्थिती आणि अपिलाची मुदत तपासतो. तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव एवढेच आमच्याकडे राहते. घटस्फोटाचे कारण, पोटगीची रक्कम आणि मुलांच्या ताब्याची व्यवस्था आम्ही तपासत नाही. ती माहिती दोन्ही कुटुंबांनी समोरासमोर विचारावी.’ या मजकुरात एकाही कुटुंबाचा अंश नाही, तरीही वाचणाऱ्या पालकाला आमचे काम पायरीपायरीने कळते. भागीदारांना ‘पाहिले नाही’ हे शब्द कमीपणाचे वाटत होते आणि त्याऐवजी ‘शंभर टक्के पडताळणी’ असे हवे होते. पण शंभर टक्के म्हणणारे केंद्र पुढे पगाराची किंवा स्वभावाचीही हमी अंगावर घेते, आणि फसलेला पालक त्या पोस्टचा फोटो घेऊनच दारात येतो. आमची भागीदारी अखेर याच मुद्द्यावर सुटली आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

नोकरी, शिक्षण आणि पत्ता यांच्यासाठीही असेच वेगळे कोरे पत्रक करावे. पगाराबाबत फॉर्म १६ पाहिला की नुसती पगारपावती, हे लिहावे, कारण पावती घरच्या संगणकावरही तयार होते. जमलेल्या लग्नाचे फोटो लावायचे असतील तर दोन्हीकडची लेखी संमती हवी. ‘केंद्रातून जमले’ हे एका घराने आनंदाने सांगितले तरी दुसऱ्या घराला ते नको असू शकते. संमती मागे घेतली की पोस्ट त्याच दिवशी काढावी आणि आपल्या व्हॉट्सॲप गटांतूनही काढावी.

एक गोष्ट मान्य करायला हवी. काही समाजांत रूढीने होणारी फारकत कायद्याच्या कलम २९ खाली ग्राह्य धरली जाते, परंतु ती रूढी सिद्ध करावी लागते, म्हणून अशा स्थळाबाबत ‘तपासले’ असे न लिहिता ‘वकिलाकडे पाठवले’ असे लिहावे. मी सांगितलेले टप्पेही हिंदू विवाह कायद्यापुरते आहेत. इतर धर्मांच्या किंवा विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांसाठी पत्रक वेगळे लागेल.

आणि भागीदारांच्या म्हणण्याप्रमाणे लोकांना कागदच पाहायचा असेल, तर तो तुमचा स्वतःचा दाखवा. महाराष्ट्रात विवाह मंडळांच्या नोंदणीसाठी १९९८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याखालचे तुमचे नोंदणी प्रमाणपत्र, कार्यालयाचा पत्ता आणि तपासणाऱ्या व्यक्तीचे नाव पानावर सर्वांत वर, काहीही न झाकता लावा.