पुलाखालच्या नळ्या आणि गुहेतले लवणस्तंभ

प्रश्न: "पुलाखाली काँक्रीटला काही वर्षांतच वीतभर पांढऱ्या नळ्या लोंबायला लागतात. मग गुहेतल्या लवणस्तंभांना हजारो वर्षं लागतात हे कशावरून? दोन्हीकडे पाणी वाळतं आणि चुना मागे उरतो, एवढंच ना?"

नाही, आणि गोम नेमकी त्या 'वाळतं' मध्ये आहे. खोल गुहेतली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, तिथे पाणी फारसं वाळतच नाही. थेंबातून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड.

बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ०.०४ टक्के असतो. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत तो १ टक्का किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. पावसाचं पाणी या मातीतून झिरपताना तो वायू उचलतं, सौम्य आम्लधर्मी होतं आणि खालची चुनखडी विरघळवतं:

CaCO3 + CO2 + H2O ⇌ Ca(HCO3)2

हेच पाणी फटीतून गुहेच्या छताला आलं, की तिथल्या हवेत मातीपेक्षा वायू बराच कमी असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर वायू निसटतो, तसंच इथे होतं. वायू गेला की वरचं समीकरण उलट्या दिशेने चालतं आणि पाण्याला न पेलणारं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज CaCO3, बाहेर पडतं.

काँक्रीटमध्ये रसायन वेगळं आहे. सिमेंटमधला Ca(OH)2 पाण्यात विरघळून येतो आणि थेंब हवेतून कार्बन डायऑक्साइड *आत घेतो*, तेव्हा कॅल्साइट तयार होतं. हा चुना लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमहून जास्त विरघळू शकतो, तर गुहेच्या पाण्यात विरघळलेली चुनखडी बहुधा काहीशे मिलिग्रॅमच असते आणि तीही सगळी बाहेर पडत नाही. म्हणून पुलाखालची नळी शेकडो पट वेगाने वाढू शकते. खात्री करायची तर लोंबत्या थेंबाला पीएच पट्टी लावा. काँक्रीटचा ताजा थेंब १२ च्या आसपास दाखवेल, गुहेतला साधारण ८. काँक्रीटच्या थेंबाला मात्र बोट लावू नका, कातडीला चरचरतं.

आता गुहेतल्या वेगाचा हिशोब करून बघू. समजा, दर ३० सेकंदांनी एक थेंब पडतो आणि थेंब ०.०५ मिलिलिटरचा आहे. वर्षाला सुमारे साडेदहा लाख थेंब, म्हणजे ५२ लिटर पाणी. लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्साइट खाली जमलं असं धरलं, तर वर्षाचे २.६ ग्रॅम. आकारमानाने हे एक घन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. जमिनीवरच्या स्तंभाचा माथा १० सेंमी व्यासाचा असेल तर एवढं कॅल्साइट त्यावर पसरून वर्षाला जेमतेम ०.१२ मिलिमीटर उंची वाढेल. एक मीटरला आठ हजार वर्षं! आकडे मी गृहीत धरलेत, पण अनेक गुहांमध्ये खरोखर मोजलेला वेगही वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो.

छतावरच्या अधोमुखी स्तंभाची सुरुवात पोकळ नळीने होते. लोंबत्या थेंबाच्या कडेला कॅल्साइटचं कडं जमतं, त्याखाली पुढचं कडं, आणि पाणी मधल्या पोकळीतून उतरत राहतं. नळीची जाडी थेंबाच्या आकारावर ठरते, साधारण ५ मिलिमीटर. भिंत पातळ असल्याने थोड्या कॅल्साइटमध्येही लांबी भरभर वाढते. पोकळी बुजली की पाणी बाहेरून ओघळतं आणि मग तो गाजरासारखा जाड होत जातो. खालचा ऊर्ध्वमुखी स्तंभ मात्र भरीव असतो. थेंब आपटून फुटतो, उरलेला वायू सोडतो आणि थरावर थर चढतो.

आता 'कशावरून' बद्दल. वरच्यासारखा भागाकार करून वय काढणं चूक आहे. पाऊस घटला, फट बुजली किंवा वरची झाडी गेली तर वाढ शेकडो-हजारो वर्षं थांबू शकते. उभ्या कापात असा खंड बऱ्याचदा मातकट रेघ म्हणून दिसतो. म्हणून युरेनियम-थोरियम पद्धत वापरतात. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे नव्या थरात थोडं युरेनियम असतं, पण थोरियम नसल्यासारखंच. पुढे युरेनियमच्या क्षयातून ठरावीक गतीने थोरियम साठतं आणि दोघांच्या प्रमाणावरून त्या थराचं वय निघतं, सुमारे ५ ते ६ लाख वर्षांपर्यंत. थरात चिखल अडकला असेल तर त्याच्यासोबत आलेलं थोरियमही मोजलं जातं आणि वय खऱ्यापेक्षा जास्त येतं. अशा वेळी ती भर वजा करावी लागते किंवा शेजारचा स्वच्छ थर घ्यावा लागतो.