हेरिटेज आर्किटेक्टची मुलाखत: माळवदाच्या एका खोलीत तिन्ही उत्तरं

प्रश्न: हेरिटेज आर्किटेक्टच्या जागेसाठी मुलाखत आहे. रिव्हर्सिबिलिटी, कम्पॅटिबिलिटी आणि मिनिमल इंटरव्हेन्शनच्या व्याख्या पाठ आहेत, पण "प्रत्यक्ष उदाहरण द्या" म्हटलं की अडतं. मराठवाड्यातलं काय सांगू?

उत्तर: तीन तत्त्वांना तीन वेगळ्या इमारती शोधू नका. वाड्यातली माळवदाची एकच खोली घ्या. समजा ती 3 मीटर बाय 4.5 मीटर आहे, तुळया मधोमध वाकल्यात, पावसाळ्यात गळते आणि एका तुळईचं भिंतीतलं टोक कुजलंय. मालक म्हणतो, सगळं उतरवून स्लॅब टाका.

आधी मिनिमल इंटरव्हेन्शन. तुळई वाकली की ती कमकुवत झाली असंच बहुतेक उमेदवार धरून चालतात. प्रत्यक्षात माळवद गळलं की जुनी माती न काढता वर नवी टाकायची, हे घरोघरी वर्षानुवर्षं चाललेलं असतं. म्हणून छतावर एक छोटा चर घेऊन थर बघायचे: तळाशी किलचण, म्हणजे तुळयांवर आडवे टाकलेले लाकडाचे तुकडे, त्यावर पाला, मग मूळची चोपलेली पांढरी माती आणि वर नंतरच्या भरी. भर 20 सेंटीमीटर निघाली, तर या खोलीवर 2.7 घनमीटर माती जादा आहे. घनमीटरला साधारण 1600 किलो धरले तर सव्वाचार टनांहून जास्त, आणि ओली असेल तर आणखी. तेव्हा पहिला उपाय काही बसवण्याचा नाही, उतरवण्याचा आहे. खाली टेकू द्यायचे आणि माती पातळ थरांनी, सगळीकडून सारखी काढायची. एकाच बाजूने काढली तर भार तिरपा पडतो. तुळई पूर्ण सरळ होणार नाही, कारण लाकडाने तो बाक कायमचा धरलेला असतो. जॅक लावून ती उचलू नये. किलचण सुटते आणि भिंतीचा माथा फुटतो.

गळतीच्या वेळी कम्पॅटिबिलिटी येते. लोक माळवदावर सिमेंटचा थर देतात. लाकडाचं छत ऋतूप्रमाणे हलतं आणि सिमेंट ताठ, म्हणून त्याला केसासारख्या भेगा पडतात. पाणी भेगेतून आत जातं, पण वाळून वर निघू शकत नाही. वरून छत कोरडं दिसतं आणि खाली पाला, किलचण कुजत असते; खोलीत येणारा कुबट वास आणि किलचणीवरचे काळे डाग हीच खूण. म्हणून पुन्हा पांढरी मातीच, पन्हळीकडे उतार देऊन चोपलेली. काळी माती चालत नाही, ती फुगते आणि आटते. मातीची वडी करून सावलीत वाळवा, भेगाळली तर ती माती नको. माती आणायची कुठून, हेही विचारतील. तेर, पैठणसारख्या ठिकाणी पांढरीची टेकाडं म्हणजे जुन्या वस्तीचे अवशेष, तिथे खोदणं म्हणजे एक वारसा वाचवायला दुसरा संपवणं. छतावरून उतरवलेलीच माती चाळून वापरा. ती पुरून उरते.

आता कुजलेलं टोक, म्हणजे रिव्हर्सिबिलिटी: केलेलं काम पुढे काढता आलं पाहिजे. आधी टोच्याने टोचून नरम भाग नेमका कुठपर्यंत आहे ते ठरवा. समजा 25 सेंटीमीटर. अख्खी तुळई बदलायची तर वरचं सगळं माळवद उतरवावं लागतं. इपॉक्सी भरलं तर ते लाकडाशी एकजीव होतं, पुन्हा काढता येत नाही. मी भिंतीलगत, निरोग्या भागाखाली, तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, लाकडी खांब उभा करून त्याच्या माथ्यावर तुळई पेलणारा हस्त देईन. तुळईला एकही भोक पडत नाही आणि उद्या कुणाला याहून चांगला उपाय सुचला तर खांब काढता येतो. जागाच नसेल तर दोन्ही बाजूंनी पोलादी चॅनेल आणि बोल्ट. मात्र त्याला पूर्ण रिव्हर्सिबल म्हणू नका, भोकं राहतातच. आणि कूज कशाने आली ते न थांबवता, म्हणजे टोकाभोवती हवेला फट न ठेवता काम केलं, तर उरलेलं लाकूडही जाईल.

इथे चांगला मुलाखतकार किल्लारी काढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना आरपार बांधणारे दगड नव्हते. वर माळवदाचं ओझं होतंच. अशा भिंतीत ठरावीक अंतराने आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरतात. हे रिव्हर्सिबल नाही आणि तसं सरळ सांगावं. माणसं राहत असलेल्या वाड्यात मी ते करेन. पण भोकं हाताने, दगड एकेक सैल करत पाडायची. ब्रेकरच्या हादऱ्याने मातीत रचलेली भिंत आतून ढासळते. शिवाय प्रत्येक भोकाची जागा नकाशावर नोंदवायची, म्हणजे पुढच्याला आत काय आहे ते कळेल.