सीटीसीतली पगारवाढ मराठीत कशी लिहावी?

प्रश्न: वेतन करारात ‘तीन वर्षांत सीटीसीमध्ये 9,000 वाढ, 60:20:20’ असं कलम आहे. नोटीस बोर्डासाठी मराठीत कसं लिहू?

आकडे सोडवून लिहा. पहिल्या वर्षी 5,400, पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी 1,800. पण खरा गोंधळ सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या कामगारावरच्या एकूण खर्चात आहे. कामगार 5,400 हातात पडणार असं धरून चालतो.

समजा 5,400 पैकी 2,700 मूळ पगार आणि महागाई भत्त्यात गेले आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जातो. मग कंपनीचा 12 टक्के पीएफ 324 आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्के तरतूद, सुमारे 130, हे याच वाढीतून जातात. स्लिपवर एकूण पगार 4,946 ने वाढतो. त्यातून कामगाराचा स्वतःचा पीएफ 324 कापला की हातात 4,622, तेही इतर कपातींआधी. पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच भरत असतील आणि मूळ पगार आधीच त्यावर असेल, तर या वाढीने पीएफ वाढत नाही आणि वरचे दोन्ही 324 जात नाहीत. एचआरला आधी हेच विचारा.

हा हिशोब तक्त्यात मांडून व्यवस्थापन आणि युनियन दोघांकडून सही करून घ्या, नाहीतर पहिल्या स्लिपलाच गेटवर बोंबाबोंब होते आणि सगळे तुमच्याकडे बोट दाखवतात. मागच्या थकीत फरकाच्या कलमात ‘सहीच्या तारखेला हजेरीपटावर असलेले’ असेल तर ते जसंच्या तसं ठेवा. करार लागू झाल्यापासून सही होईपर्यंतच्या मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना फरक मिळणार की नाही, हे त्यावरच ठरतं.