शंभरावर ॲप आणि गच्च होम स्क्रीन: लाँचर, ग्रिड, आयकॉन पॅक कशावरून ठरवावा?

प्रश्न: माझ्या फोनमध्ये ११० च्या आसपास ॲप आहेत. होम स्क्रीनची चार पानं भरली आहेत आणि ड्रॉवरमध्ये हवं ते ॲप पटकन सापडत नाही. स्क्रीन १०८०×२४०० आहे. लाँचर, आयकॉन पॅक आणि ग्रिड तिन्ही बदलायचं म्हणते. सुरुवात कुठून करू? ग्रिड ५×५ ठेवू की ६×६?

उत्तर:

आधी लाँचर, मग ग्रिड, आणि आयकॉन पॅक अगदी शेवटी. बरेच जण स्क्रीनशॉट पाहून आयकॉन पॅकपासून सुरुवात करतात, सगळं मनासारखं मांडतात, आणि मग कळतं की लाँचर आपल्या फोनवर नीट चालत नाही. एका लाँचरमधली मांडणी दुसऱ्यात जशीच्या तशी क्वचितच जाते आणि विजेट तर पुन्हा नव्याने लावावीच लागतात. तेवढी मेहनत वाया जाऊ देऊ नका.

लाँचरची पहिली परीक्षा दिसण्याची नसून जेश्चरची आहे. अँड्रॉइड ९ मध्ये, म्हणजे २०१८ साली, अलीकडच्या ॲपची स्क्रीन फोनच्या मूळ लाँचरचा भाग झाली आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइड १० मध्ये पूर्ण जेश्चर नेव्हिगेशन आलं. त्यामुळे तुम्ही कुठलाही बाहेरचा लाँचर लावला तरी खालून वर बोट ओढून धरल्यावर दिसणारी ती स्क्रीन मूळ लाँचरच दाखवत असतो. दोघांचा सांधा काही फोनवर जाणवतही नाही. काहींवर घरी परतताना हिसका बसतो, आयकॉन क्षणभर उशिरा दिसतात. काही कंपन्या तर बाहेरचा लाँचर लावला की जेश्चर बंदच करून खाली तीन बटणं आणतात. हे लाँचरच्या सेटिंगमधून सुधारत नाही, म्हणून काहीही न मांडता नवा लाँचर नुसता डीफॉल्ट करा आणि एक-दोन दिवस नेहमीसारखा फोन वापरा. होमवर आल्यावर आधी रिकामा वॉलपेपर दिसून मग आयकॉन भरत असतील, तर सिस्टीम लाँचरला मागून बंद करते आहे असं समजा. त्या लाँचरची बॅटरी मर्यादा काढून टाकली की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो. हिसका मात्र राहिला आणि तुम्हाला खुपत असेल, तर मूळ लाँचरच ठेवून फक्त ग्रिड बदलणं हाही चांगला निर्णय आहे.

कोणता घ्यावा? तुमची अडचण आहे ड्रॉवरमध्ये न सापडण्याची. स्मार्ट लाँचर ड्रॉवरमधली ॲप आपोआप गटांत लावतो. नायगरामध्ये ग्रिडच नाही, मोजकी आवडती ॲप आणि कडेला अक्षरांची पट्टी. एका हाताने वापरायला तो फार सोयीचा आहे, पण मग ग्रिडचा प्रश्नच उरत नाही. नोव्हामध्ये सर्वांत जास्त बारकावे बदलता येतात, पण २०२२ मध्ये तो ब्रँच या कंपनीने विकत घेतल्यावर त्याचं काम मंदावलं आणि २०२५ मध्ये मूळ निर्माताही बाहेर पडला. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी लॉनचेअर सुचवते. तो अँड्रॉइडच्याच मूळ लाँचरच्या खुल्या कोडवर उभा आहे, फुकट आहे, आणि ग्रिड व आयकॉन पॅक दोन्हींचं काम भागवतो.

आता ग्रिड. याचा हिशोब पिक्सेलमध्ये करू नका, डीपीमध्ये करा. अँड्रॉइड आयकॉन आणि अक्षरं त्याच मापाने आखतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Smallest width` नावाची नोंद असते, तिथे तुमच्या स्क्रीनची रुंदी डीपीमध्ये मिळेल. १०८०×२४०० च्या फोनवर ती अनेकदा ४११ च्या आसपास असते, आणि उंची मग ९१४ च्या जवळपास येते. तिथे आकडा बदलू नका, फक्त वाचा.

दोन्ही कडांना १६-१६ डीपी सोडले तर ३७९ उरतात. चार कॉलम केले तर प्रत्येक घर जवळपास ९५ डीपी रुंद होतं, पाच केले तर ७६, सहा केले तर ६३. बोटाने चुकू नये म्हणून स्पर्शाची जागा निदान ४८ डीपी असावी असं गूगलचं डिझाइन मार्गदर्शन सांगतं, तेव्हा सहा कॉलमही नियमात बसतात. अडचण बोटाची नाही, नावांची आहे. ६३ डीपीत बारा आकाराच्या अक्षरांत दहाएक इंग्रजी अक्षरं मावतात, पुढचं नाव टिंबांत जातं. एकाच कंपनीची तीन ॲप असली आणि तिन्हींच्या नावाची सुरुवात सारखी असली, तर टिंबांपूर्वीचा भाग तिन्हींचा एकच दिसतो. म्हणून सहा कॉलम फक्त नावं बंद करूनच ठेवा.

आता ओळी. वरची पट्टी, खालचा डॉक आणि पानांचे ठिपके वगळून होम स्क्रीनला साधारण ७०० डीपी उंची उरते असं धरा. तुम्ही विचारलेल्या ५×५ मध्ये प्रत्येक घर ७६ रुंद आणि १४० उंच होईल. आयकॉन आडवे जवळ आणि उभे लांब, सगळं ताणल्यासारखं दिसेल. ६×६ मध्येही ६३ आणि ११७, तीच गत. हल्लीच्या लांबट फोनवर कॉलम आणि ओळींचा आकडा सारखा ठेवला की असंच होणार. पाच कॉलम आणि आठ ओळी केल्या की घर ७६ बाय ८७ होतं, जवळपास चौरस, आणि नाव दाखवलंच तर त्यालाही खाली जागा राहते. तुमच्या स्क्रीनला मी हाच ५×८ लावीन, आयकॉन ५६ डीपीच्या आसपास, नावं बंद. काही लाँचर ओळींचा आकडा आधी विचारतात आणि काही कॉलमचा, तेवढं पाहून घ्या.

आठ ओळी आहेत म्हणून चाळीस आयकॉन भरायचे नाहीत. होम स्क्रीनवर आपण नाव वाचत नाही, बोट जागेवर जातं. म्हणून रोजची ॲप डॉकमध्ये आणि त्याच्या वरच्या दोन ओळींत ठेवा, अंगठा पोचतो तिथे. पाच डॉकमध्ये आणि दहा वर, अशी पंधरा होतात. त्यावर एखादं विजेट आणि बाकी मोकळं. चार पानांचं एक पान होईल आणि उरलेली सगळी ड्रॉवरमधून उघडायची. विजेटबद्दल एक अडचण आधीच सांगते: पाच कॉलममध्ये चार घरं रुंदीचं विजेट मधोमध बसत नाही, एका बाजूला कॉलमभर जागा उरते. ते ओढून पाच घरांचं होत असेल तर प्रश्न नाही. होत नसेल, तर लाँचरमध्ये अर्ध्या घरावर ठेवायची सोय आहे का ते बघा, नोव्हामध्ये ती आहे. ग्रिड लहान करताना विजेट पुढच्या पानावर ढकललं जाऊ शकतं, त्यामुळे आकडा आधी पक्का करा आणि विजेट नंतर लावा.

ड्रॉवरचा ग्रिड होमपेक्षा वेगळा ठेवा. तिथे आपण शोधत असतो, म्हणजे वाचत असतो, म्हणून नावं पूर्ण दिसली पाहिजेत. ११० ॲप पाच कॉलममध्ये २२ ओळी घेतात, चार कॉलममध्ये २८. एका स्क्रीनवर आठ ओळी दिसत असतील तर फरक एका स्क्रीनपेक्षाही कमी आहे. तेवढ्यासाठी नावं कापू नका, चार कॉलम ठेवा. त्यापेक्षा मोठा फरक न लागणारी ॲप लपवल्याने पडतो. फोनसोबत आलेली आणि काढता न येणारी, नुसत्या सेटिंगची, कधीतरीच लागणारी अशी ॲप निवडली तर यादी बरीच आखूड होते. लपवलेलं ॲप पुसलं जात नाही, ते फक्त यादीत दिसत नाही.

फोनची भाषा मराठी असेल तर न सापडण्याचं आणखी एक कारण असू शकतं. ‘कॅमेरा’, ‘फोन’ ही नावं देवनागरीत येतात, बाकीची इंग्रजीतच राहतात, आणि यादी दोन लिपींत विभागली जाते. शोधताना `camera` टाइप केलं तर ‘कॅमेरा’ सापडेलच असं नाही. लाँचरमध्ये नाव बदलता येतं. अशी दहा-बारा नावं एका लिपीत आणली की यादी सरळ होते.

शेवटी आयकॉन पॅक. पॅकच्या आत `appfilter.xml` नावाची यादी असते आणि तिच्यात प्रत्येक ॲपसाठी अशी एक ओळ:

```xml
<item component="ComponentInfo{com.example.notes/com.example.notes.MainActivity}" drawable="notes" />
```

लाँचर ॲपचं पॅकेज आणि त्यातल्या सुरुवातीच्या स्क्रीनचं नाव या ओळीशी जुळवतो आणि त्यापुढचं चित्र लावतो. ओळ नसेल तर चित्र नाही. पॅकमध्ये हजारो आयकॉन असल्याची जाहिरात असते, पण तुमच्या ११० पैकी किती आहेत एवढंच महत्त्वाचं. ते पॅकच्या ॲपमध्येच कळतं: बहुतेक पॅकमध्ये आयकॉनची मागणी करायचं पान असतं आणि तिथे तुमच्या फोनमधल्या, पॅकमध्ये नसलेल्या ॲपची यादी दिसते. रोजच्या पंधरांपैकी दोन-तीन त्या यादीत असतील तर दुसरा पॅक बघा.

उरलेल्यांचं काय होतं हे पॅकच्या आकारावर ठरतं. सगळे आयकॉन एकाच गोल किंवा चौकोनी आकारात असणारे पॅक उरलेल्या ॲपच्या मूळ चित्रामागे तोच आकार घालून देतात, त्यामुळे ती फारशी उठून दिसत नाहीत. आर्क्टिकॉन्ससारख्या नुसत्या रेषांच्या पॅकमध्ये एखादा रंगीत आयकॉन राहिला की नजर सारखी तिकडेच जाते. एकरंगी पॅकचा दुसरा तोटा ड्रॉवरमध्ये कळतो. यादी सरकवताना आपण हिरवा, निळा, लाल असे ठिपके ओळखत असतो, आणि रंग गेला की प्रत्येक नाव वाचावं लागतं. होमवर जागा पाठ असते, तिथे एकरंगी चालतो. काही लाँचरमध्ये होमला एक आणि ड्रॉवरला दुसरी आयकॉन शैली ठेवता येते, तुमच्यासाठी तेच योग्य ठरेल.

एखादं ॲप अपडेट झाल्यावर त्याचा आयकॉन अचानक मूळ रूपात परतला तर पॅक बिघडला असं समजू नका. ॲप बनवणाऱ्यांनी सुरुवातीच्या स्क्रीनचं नाव बदललेलं असतं आणि वरची ओळ जुळत नाही, बहुतेक वेळा कारण हेच असतं. चित्र पॅकमध्ये अजून आहेच. आयकॉन दाबून धरा, संपादनात जा, पॅक उघडून तेच चित्र हाताने निवडा, आणि मागणीच्या पानावरून ते ॲप कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ओळ दुरुस्त होऊ शकते.