गाव मोठं तरी ग्रामपंचायत, पन्हाळा लहान तरी नगरपालिका

प्रश्न: "आमचं गाव कोल्हापूरला खेटून आहे. मतदारयादीच १८ हजारांची, तरी अजून ग्रामपंचायत. तिकडं पन्हाळ्यावर तीन-चार हजार माणसं आणि तिथं नगरपालिका. लोकसंख्येवर ठरतं म्हणतात, मग आमचं अडलंय कुठं?"

पहिली अडचण मतदारयादीचीच आहे. कायदा यादी बघत नाही, जनगणना बघतो, आणि तीही आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना. म्हणजे आजच्या घडीला २०११ ची. त्यानंतर तुमच्याकडं कितीही अपार्टमेंटा उभ्या राहिल्या असल्या, तरी कागदावर गाव २०११ एवढंच आहे. नगरपालिकेच्या नोकरीत असताना मी एका गावचं निवेदन हाताळलं होतं. सोबत यादीची झेरॉक्स, नळजोडांची संख्या, रेशनकार्डांचा गोषवारा, सगळं व्यवस्थित लावलेलं. फक्त जनगणनेचा उतारा नव्हता. तेवढ्यासाठी ते परत गेलं आणि गावाचं वर्ष वाया गेलं.

हा जुना आकडा किती खोलवर जातो हे आपल्या महापालिकेवरूनच बघा. २०११ ला कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. महापालिका कायद्यात ३ लाख ते ६ लाख या गटाला किमान ६५ नगरसेवक आणि ३ लाखांच्या वर दर १५ हजारांना एक जादा. वरचे २,४९,२३६ भागिले १५,००० म्हणजे पूर्ण १६. ६५ अधिक १६, झाले ८१. सभागृहातल्या ८१ जागा इथून येतात.

आता तुमच्या गावाचं. राज्यघटनेनं ७४ व्या दुरुस्तीत, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, तीन प्रकार सांगितले. गावातून शहर होत चाललेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद (आपण बोलताना नगरपालिकाच म्हणतो), मोठ्या शहराला महानगरपालिका. पण किती लोकसंख्येला काय, हा आकडा घटनेत नाही. तो राज्यांवर सोडलाय, म्हणून कर्नाटकातल्या पाहुण्यांचं गणित इथं लावू नका. महाराष्ट्रात नगरपंचायतीला १० हजार ते २५ हजार, नगरपरिषदेला किमान २५ हजार आणि महापालिकेला किमान ३ लाख असे आकडे आहेत.

लोकसंख्येच्या जोडीला दुसरी अट आहे, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. गावातले किती टक्के लोक शेतीबाहेरच्या कामावर जगतात? नगरपंचायतीला हे प्रमाण किमान २५ टक्के, नगरपरिषदेला ३५ टक्के लागतं. शिवाय एवढ्या २५ टक्क्यांवर नगरपंचायत व्हायची तर ते गाव महापालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत हवं. तुमचं गाव शहराला खेटून आहे, तेव्हा अंतराचा प्रश्नच नाही.

टक्केवारी घरी काढता येते. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय तक्ता असतो. त्यात एकूण काम करणारे, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर कामगार असे रकाने आहेत. समजा तुमच्या गावची २०११ ची लोकसंख्या १४,२०० आणि काम करणारे ५,४००. त्यातले शेतकरी १,५०० आणि शेतमजूर १,१००, मिळून २,६००. उरले २,८००. ते ५,४०० च्या जवळपास ५२ टक्के होतात. म्हणजे नगरपंचायतीच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. नगरपरिषद मात्र नाही, कारण २५ हजार भरत नाहीत, मग शेतीबाहेरचं प्रमाण ९० टक्के का असेना.

पुस्तिका चाळताना एका गोष्टीला फसू नका. गावाच्या नावापुढं 'जनगणना नगर' असं लिहिलेलं दिसेल. किमान ५ हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य कामगार पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं जुळलं की जनगणना खातं आपल्या मोजणीपुरतं त्या गावाला शहर धरतं. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. आपली शिरोली पुलाची बघा, जनगणनेच्या लेखी शहर आणि कारभारात ग्रामपंचायत. हुपरीही २०११ ला जनगणना नगरच होती, नगरपरिषद तिला नंतर मिळाली.

आता पन्हाळा. वरचे आकडे नवी संस्था काढताना लागतात. पन्हाळ्याची नगरपालिका त्याच्या कितीतरी आधीची, आणि जुन्या नगरपालिका कायद्यानं तशाच पुढं चालू ठेवल्या. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूरही असंच लहान आहे. लोकसंख्या कमी म्हणून नगरपालिकेची आपोआप ग्रामपंचायत होत नाही. अशा ठिकाणी लोकसंख्येवरून ठरतो तो फक्त वर्ग. १ लाखाच्या वर 'अ', ४० हजारांच्या वर १ लाखापर्यंत 'ब', ४० हजार किंवा कमी असेल तर 'क'. जयसिंगपूर ४८ हजारांचं म्हणून 'ब' मध्ये बसतं, कागल ३४ हजारांचं म्हणून 'क' मध्ये. आणि हे वर्ग नगरपरिषदांचे आहेत. कोल्हापूर महापालिका 'ड' वर्गात आहे असं आपण वाचतो, ती महापालिकांची वेगळी वर्गवारी. दोन्हीकडची अक्षरं सारखी असल्यानं चर्चेत नेहमी घोटाळा होतो.

उलट बाजूनं इचलकरंजी बघा. २०११ ला लोकसंख्या २,८७,३५३, म्हणजे ३ लाखांना थोडी कमीच. तरी २०२२ ला तिथं महापालिका झाली. घटनेनं लोकसंख्येबरोबर घनता, स्थानिक कारभाराला मिळणारा महसूल आणि आर्थिक महत्त्व यांचाही विचार करायला सांगितलंय. म्हणून आकडा बसला की संस्था मिळालीच, किंवा आकडा हुकला की संपलंच, असं दोन्हीकडून म्हणता येत नाही. शेवटी शासनाची अधिसूचना निघावी लागते.

तुमच्यासारख्या खेटून असलेल्या गावांचं खरं घोडं इथंच अडतं, असं माझं मत आहे. अशा गावाला दोन रस्ते असतात, स्वतःची नगरपंचायत किंवा महापालिकेत जाणं. कोल्हापूरची महापालिका १९७२ ला झाली, आणि तेव्हापासून शहराची हद्दवाढ झालेली नाही. हा प्रश्न टांगणीला आहे तोवर शेजारच्या गावाला वेगळी नगरपंचायत द्यायला शासन सहजासहजी हात घालत नाही. कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आसपासची ४२ गावं घेतली, पण प्राधिकरण विकासाचं नियोजन करतं. ती निवडून आलेली स्थानिक संस्था नव्हे.

गावाचं ठरलं असेल तर ग्रामसभेच्या ठरावाला २०११ चा उतारा आणि वरची टक्केवारी जोडून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं द्या. शासनाला पटलं तर आधी उद्घोषणा निघते, आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. हरकत लेखीच लागते, कारणासह, आणि तीही जिल्हाधिकाऱ्यांकडं. नको म्हणणाऱ्या भावकीलाही हे सांगून ठेवा, कारण चावडीवर कितीही बोललं तरी ते फाईलीत येत नाही. अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते, प्रशासक येतो, गाव जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातून बाहेर पडतं आणि पुढं १७ प्रभागांतून १७ नगरसेवक निवडून द्यायचे असतात.